शाळेचे विज्ञान प्रदर्शन: प्रश्नचिठ्ठीपासून निकालपत्रकापर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या प्रदर्शनात सिरिंजवर चालणाऱ्या जेसीबीला पहिला क्रमांक मिळाला होता. काम अगदी सुबक होते. पिवळा रंग, गुळगुळीत पुठ्ठा, नळ्यांत निळे पाणी. एका परीक्षकांनी मुलाला विचारले, "मोठी सिरिंज थोडीशीच दाबली तरी लहान सिरिंजचा दट्ट्या एवढा लांब का जातो रे?" मुलगा गप्प राहिला. उत्तर टेबलामागे उभ्या असलेल्या वडिलांनी दिले. तरीही गुण कापले गेले नाहीत, कारण आमच्या गुणपत्रिकेत "मांडणी आणि आकर्षकता" याला सगळ्यात जास्त गुण होते. चूक मुलाची नव्हती आणि वडिलांचीही नव्हती. आम्ही शिक्षकांनी आखणीच अशी केली होती की त्यातून हेच बाहेर यावे.

तेव्हापासून प्रदर्शनाची आखणी आम्ही उलट्या टोकाने करतो. परीक्षक काय विचारणार हे आधी ठरवतो, मग मुलांनी काय करायचे ते, आणि हॉल, बाक, पताका सगळ्यात शेवटी. सहावी ते दहावी मिळून ३६ प्रकल्प आणि साधारण चारशे मुले असलेल्या शाळेला हे कसे जमते, ते इथे क्रमाने सांगते. तुमच्याकडे प्रकल्प कमी-जास्त असतील, पण हिशेब हाच राहील.

तारीख आणि उलटी मोजणी

तालुक्याचे प्रदर्शन बहुधा डिसेंबरच्या आसपास येते. त्याआधी निदान दोन आठवडे आपले शाळेचे प्रदर्शन उरकलेले असावे, म्हणजे निवडलेल्या प्रकल्पांना सुधारणेला वेळ मिळतो. २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, ही तारीख मनाला भावते खरी, पण तोवर दहावीच्या बोर्डाची धावपळ सुरू झालेली असते आणि तालुक्याची फेरीही होऊन गेलेली असते. म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार धरतो.

तिथून मागे मोजत या. ऑगस्टअखेर मुख्याध्यापकांबरोबर बैठक घेऊन तारीख, खर्चाची मर्यादा आणि जबाबदाऱ्या ठरवायच्या. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रश्नचिठ्ठ्या भरून घ्यायच्या आणि महिनाअखेर त्या मंजूर करायच्या. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा असते, त्यामुळे त्या महिन्यात फक्त एक चाचणी मोजणी मागायची, जास्त काही नको. खरी मोजणी दिवाळीच्या सुट्टीत होते. सुट्टी आली की प्रकल्प थंडावतो, अशी तक्रार बरेच शिक्षक करतात. आमचा अनुभव उलटा आहे. मुलाला सलग सहा तास घरी थांबून दर तासाला तापमान लिहायचे असेल, तर त्याला शाळेचा दिवस उपयोगाचा नाही, सुट्टीच हवी. सुट्टीला जाण्यापूर्वी नोंदवहीचे कोष्टक आखून झालेले असले म्हणजे पुरे. शाळा उघडल्यावरचा आठवडा आलेख आणि फलकासाठी. प्रदर्शनाच्या आदल्या बुधवारी पूर्वतपासणी, शुक्रवारी दुपारी मांडणी, शनिवारी प्रदर्शन.

प्रश्नचिठ्ठी

मुले "विषय" घेऊन येतात. प्रदूषण, सौरऊर्जा, पाणी वाचवा. विषयावर तक्ता होतो, प्रकल्प होत नाही. म्हणून आम्ही अर्ध्या पानाची चिठ्ठी देतो. तिच्यात पाचच ओळी भरायच्या असतात:

१. आमचा प्रश्न काय?
२. आम्ही कोणती एकच गोष्ट बदलणार?
३. आम्ही काय मोजणार आणि कशाने?
४. कोणत्या गोष्टी सारख्याच ठेवणार?
५. आमचा अंदाज काय, आणि तो का?

तिसरी ओळ कोरी आली की चिठ्ठी परत जाते. पट्टी, घड्याळ, तापमापी, वजनकाटा, मोजपात्र किंवा साधी मोजदाद, यांपैकी काहीतरी तिथे लिहिलेले हवेच. या एका अटीने ज्वालामुखी, सूर्यमाला आणि दुकानातून आणलेले तयार संच आपोआप बाजूला पडतात. कुणाला नाही म्हणावे लागत नाही आणि कुणाचे मन दुखावत नाही. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या परत जातात, याची तयारी ठेवा. परत देताना मात्र "चूक" असा शेरा मारू नका. मुलांसमोर बसून एकच प्रश्न विचारा, "यातले तुम्हाला नक्की काय माहीत करून घ्यायचे आहे?"

बाकीच्या अटी थोड्या आहेत. एका प्रकल्पात दोनच विद्यार्थी. तिसरा असला की तो उभाच राहतो. साहित्यावर जास्तीत जास्त ३०० रुपये खर्च, आणि बिले नोंदवहीत चिकटवायची. वस्तू उसनी आणली तर कोणाकडून आणली ते लिहायचे.

एक प्रकल्प पहिल्यापासून: रंगवलेला माठ

सातवीतल्या दोघी मैत्रिणींची चिठ्ठी पहिल्यांदा आली तेव्हा प्रश्नाच्या ओळीत लिहिले होते, "माठ म्हणजे गरिबांचा फ्रीज." ही घोषणा झाली. मी विचारले, माठात पाणी गार का होते? दोघींनी एका सुरात सांगितले, "माती थंड असते म्हणून." मग मी म्हटले, "तसे असेल तर माठाला बाहेरून ऑइल पेंट दिला तरी पाणी गार व्हायला हवे, माती तर तीच आहे." एकमेकींकडे बघत त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नवीन चिठ्ठी घेऊन आल्या: बाहेरून रंगवलेल्या माठात पाणी तितकेच गार होते का?

आता पाचही ओळी भरल्या. बदलणार फक्त रंग. मोजणार पाण्याचे तापमान, प्रयोगशाळेच्या तापमापीने. सारखे ठेवणार माठाचा आकार, पाणी, जागा आणि झाकण. तुलनेला स्टीलचे एक पातेलेही ठेवायचे ठरले.

त्यांनी एकाच कुंभारकाकांकडून, एकाच भट्टीतले दोन लहान माठ आणले. काकांनी बोलता बोलता सांगितले की पाण्याच्या माठाच्या मातीत ते राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर येऊन वाऱ्याने सुकते आणि सुकताना उष्णता घेऊन जाते. पाठ्यपुस्तकात बाष्पीभवन म्हणून वाचलेली गोष्ट त्यांना कुंभारवाड्यात हाताशी सापडली. ती त्यांनी नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवली, आणि पुढे परीक्षकांना हेच पान सर्वांत जास्त आवडले.

सत्र परीक्षेनंतरच्या एका शनिवारी चाचणी मोजणी झाली. तिच्यात तीन गोष्टी बिघडल्या. प्रत्येक प्रकल्पात या ना त्या रूपात त्या येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट तापमापीची. तीन भांड्यांसाठी तीन तापमाप्या घेतल्या होत्या आणि सकाळी पाणी भरल्या भरल्याच स्टीलच्या भांड्यात दोन अंश जास्त दिसत होते. पाणी तर एकाच बादलीतले. मग तिन्ही तापमाप्या त्याच बादलीत पाच मिनिटे एकत्र धरल्या, तेव्हा एक तापमापी सतत दोन अंश जास्त दाखवते हे कळले. तेव्हापासून शाळेचा नियमच झाला आहे: एकाहून जास्त साधने वापरायची असतील तर आधी तिन्ही-चारही एकाच गोष्टीवर लावून बघायची. त्या दोघींनी पुढे एकच तापमापी घेतली, आणि ती प्रत्येक भांड्यात दोन मिनिटे धरून, पाण्यातून बाहेर न काढता वाचली. बाहेर काढून वाचली तर ओल्या टोकावरचे पाणी सुकू लागते आणि पारा असो वा अल्कोहोल, पातळी बघता बघता खाली येते. म्हणजे जे मोजायचे आहे तेच मोजणीत घुसते.

दुसरी गोष्ट नव्या माठाची. कोरडा नवा माठ सुरुवातीला पाणी पितो. तो आदल्या दिवशी भरून ठेवायला हवा, नाहीतर पहिले दोन तास पाणी नुसते भिंतीत मुरते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रंगवलेल्या माठातले पाणीही चांगले दोन-तीन अंश गार झाले. दोघी हिरमुसल्या. एकीला तो आकडा खोडून टाकावासा वाटत होता. मी म्हटले, आकडा राहू दे, माठ उचलून बघ. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ओले कडे उमटले होते! बूड रंगवायचे राहून गेले होते आणि वरचा रंगही एकाच हाताचा होता. त्यांनी बुडासकट दोन हात दिले, तीन दिवस वाळवले आणि पुन्हा मोजले.

सुट्टीतल्या एका कोरड्या दिवसाच्या दुपारी दोन वाजताच्या त्यांच्या नोंदी अशा: पडवीतली हवा ३१ अंश सेल्सिअस, स्टीलच्या भांड्यातले पाणी ३०, रंगवलेल्या माठातले २९, साध्या माठातले २४. किराणा दुकानाच्या काट्यावर तिन्ही भांडी सकाळी दहाला आणि दुपारी चारला तोलली. साध्या माठाचे वजन सुमारे १५० ग्रॅमने घटले होते, बाकी दोघांचे जवळजवळ तेवढेच होते. नंतर एक दिवस अवकाळी पाऊस पडून हवा दमट झाली. त्या दिवशी हवा २७ आणि साध्या माठातले पाणी २५, फरक दोनच अंश. तो दिवस "वाया गेला" असे त्या म्हणत होत्या. खरे तर प्रकल्पातला सर्वांत मोलाचा दिवस तोच होता. हवेत आधीच बाष्प भरपूर असले की माठावरचे पाणी सुकत नाही, आणि म्हणून माठही गार होत नाही. त्यांचे स्पष्टीकरण त्या दिवसाने पक्के झाले.

प्रत्येक मोजणी तीन वेगवेगळ्या दिवशी करायची, नोंद बॉलपेनने करायची, चुकले तर एक रेघ मारून शेजारी लिहायचे, खोडरबर वापरायचे नाही. नोंदवही थोडी मळलेली, पाण्याचे डाग पडलेली असली तर मला बरे वाटते. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली स्वच्छ वही आली की शेजारी बसून त्या दिवशीची हकिगत विचारावी.

शिक्षकांनी कुठवर हात लावायचा

एका शिक्षकाकडे सहापेक्षा जास्त प्रकल्प देऊ नयेत. ३६ प्रकल्पांना सहा शिक्षक लागतात आणि आमच्याकडे विज्ञानाचे तीनच आहेत. म्हणून भूगोल, गणित आणि मराठीच्या शिक्षकांनाही घेतो. खरे तर विज्ञान न शिकवणारा शिक्षक या कामाला उत्तम, कारण त्याला उत्तर माहीत नसते आणि तो मुलांना खरोखरच विचारतो. शिक्षकाने प्रश्न विचारावेत, साधन मिळवून द्यावे, धोका दिसला तर थांबवावे. फलकावरचे वाक्य स्वतः लिहून देऊ नये. फलक वाचताना शिक्षकाचे वाक्य लगेच ओळखू येते.

गणिताचे सर सगळ्यांची सरासरी आणि आलेखाचे प्रमाण तपासतात. अक्षावर एकक लिहिलेले नसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. मराठीच्या बाई फलकावरचा मजकूर तपासतात, पण शुद्धलेखनापुरताच. प्रयोगशाळा परिचर साधनांची देवघेव वही सांभाळतात. सुट्टीत घरी गेलेल्या तापमाप्या परत यायच्या असतील तर या वहीत पालकाची सही हवी.

संयोजक शिक्षक एकच असावा आणि त्याच्याकडे स्वतःचा एकही प्रकल्प नसावा. हे पाळणे अवघड जाते, पण न पाळले तर शनिवारी सकाळी तो नेमका आपल्याच मुलांच्या टेबलाशी सापडतो.

विद्यार्थ्यांची समिती नववीतून निवडा. प्रकल्प न करणारी पण व्यवस्थेत हुशार असलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांची ही जागा आहे. प्रत्येक परीक्षकासोबत एक मार्गदर्शक विद्यार्थी, एक घंटा वाजवणारा, दोघे विजेकडे, दोघे गुणपत्रिका गोळा करायला, चौघे वर्गांच्या रांगा आत-बाहेर सोडायला. पाचवीची मुले प्रकल्प करत नाहीत. त्यांना एक-एक कोरी चिठ्ठी द्या: "मला न समजलेली एक गोष्ट." ती ज्या टेबलाची असेल तिथल्या मुलांनी समजावून सांगायचे आणि चिठ्ठीवर सही करायची. त्या वेळी जी स्पष्टीकरणे ऐकू येतात, ती परीक्षकांसमोरच्यापेक्षा चांगली असतात.

पूर्वतपासणी, वीज आणि धोके

बुधवारी संयोजक आणि परिचर प्रत्येक प्रकल्प चालवून बघतात. नुसते विचारत नाहीत, चालवून बघतात. सिरिंज, काचेच्या नळ्या, सुटी पाती, विजेच्या वायरी सगळे तेव्हाच दिसते. मुलांनी स्वतः जोडलेली कोणतीही वस्तू थेट २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू देऊ नये. बॅटरी किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर, एवढेच. पाणी तापवायची किटली १५०० वॉटची असते, म्हणजे ती एकटीच साडेसहा अँपिअरच्या आसपास खेचते, आणि वर्गातले साधे सॉकेट सहा अँपिअरचे. दोन प्रकल्पांनी गरम पाण्यासाठी किटली लावली की हॉल अंधारात. गरम पाणी लागणाऱ्यांना ते स्टाफरूममधून थर्मासमध्ये भरून द्या. महावितरणच्या स्थानिक लाइनमनला आदल्या आठवड्यात विचारून ठेवा, त्या शनिवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे का.

पाऱ्याची तापमापी, तीव्र आम्ल, हायड्रोजनचे फुगे, लेझर आणि जिवंत प्राणी प्रदर्शनात आणायचे नाहीत. पावावरच्या बुरशीचा प्रकल्प दरवर्षी येतो. चांगला असतो, पण पिशवी चिकटपट्टीने बंद हवी आणि कुणाच्याही आग्रहास्तव ती उघडायची नाही. दारापाशी वाळूच्या दोन बादल्या.

मांडणीला दोन बाक जोडून एक टेबल. मागे घडीचा पुठ्ठा. त्यावर प्रश्न एवढ्या मोठ्या अक्षरात की चार-पाच फुटांवरून वाचता यावा, म्हणजे अक्षराची उंची निदान तीन-चार सेंटिमीटर. खाली हाताने काढलेला एक आलेख आणि चार ओळींचे निष्कर्ष. नोंदवही उघडी, टेबलावर. सजावटीचे थर्माकोल आम्ही बंद केले आहे.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ज्या प्रयोगाला तास लागतात तो सकाळी लवकर सुरू करावा लागतो. माठांत पाणी साडेसातला भरले तरच साडेदहाला परीक्षकांना फरक दाखवता येतो.

गुण कशाला

तालुका आणि त्यापुढच्या प्रदर्शनांत एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांतले निकष वापरले जातात. त्यांत मुलांची स्वतःची सर्जनशीलता आणि कल्पकता याला २० टक्के, नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी १५, तर कमी खर्च-टिकाऊपणा आणि सादरीकरण यांना प्रत्येकी १० असा भार आहे. मुलांना हे निकष सप्टेंबरमध्येच दाखवा. शाळेच्या पातळीवर मात्र आम्ही ५० गुणांची आमची पत्रिका वापरतो, कारण मोजण्याची सवय इथेच लागायला हवी:

| निकष | गुण |
|---|---|
| प्रश्न नेमका आहे का, एकच गोष्ट बदलली आहे का | १० |
| मोजमाप आणि नोंदवही | १५ |
| विचारलेल्या प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत उत्तरे | १५ |
| फलक आणि आलेख | ५ |
| साहित्याचा साधेपणा, खर्च | ५ |

निकषाशेजारी पातळी लिहिली नाही तर प्रत्येक परीक्षक आपल्या मनाने गुण देतो. म्हणून मोजमापाच्या १५ गुणांखाली आम्ही छापतो: मोजणी तीनदा केली आहे, एककासह लिहिली आहे आणि अनपेक्षित आकडेही ठेवले आहेत तर १२ ते १५, मोजणी एकदाच केली आहे किंवा काय सारखे ठेवले ते स्पष्ट नाही तर ६ ते ११, आकडे पुस्तकातले किंवा मोबाइलवरून घेतलेले असतील तर ० ते ५.

परीक्षकांना दोन प्रश्न सक्तीचे दिले आहेत. पहिला, "तुम्हाला खटकलेला एखादा आकडा वहीत दाखवा." ज्यांनी खरोखर मोजले आहे ती मुले लगेच पान उलटतात. दुसरा, "निकाल उलटा आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?" जेसीबीच्या वेळी हे दोन प्रश्न आमच्याकडे असते तर वडिलांना बोलायची वेळच आली नसती. परीक्षणाच्या वेळी टेबलाशी फक्त दोन विद्यार्थी असतात. पालक आणि शिक्षक हॉलच्या बाहेर.

सहा परीक्षक, सहा ओळी

परीक्षक बाहेरचे असावेत: शेजारच्या शाळेचे शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राध्यापक, कृषी सहायक, निवृत्त शिक्षक. सहा जण लागतात. का, ते बघा. एका प्रकल्पाला आठ मिनिटे बोलणे आणि दोन मिनिटे गुण लिहिणे, एकूण दहा. प्रत्येक प्रकल्प दोन परीक्षकांनी वेगवेगळा बघायचा, म्हणजे ३६ चे ७२ वेळा बघणे. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी बारा, म्हणजे दोन तास. यापेक्षा जास्त वेळ कुणीही लक्ष देऊन ऐकू शकत नाही. शेवटच्या टेबलावरच्या मुलांवर अन्याय होतो तो इथेच.

हॉलमध्ये सहा-सहा टेबलांच्या सहा ओळी करा. पहिल्या तीन सहावी ते आठवीच्या, पुढच्या तीन नववी-दहावीच्या. पहिला परीक्षक पहिल्या तासात ओळ १ आणि दुसऱ्या तासात ओळ २ बघतो. दुसरा आधी २ मग ३, तिसरा आधी ३ मग ४, असे करत सहावा आधी ६ मग १. कोणत्याही वेळी एका ओळीत एकच परीक्षक असतो, गर्दी होत नाही, आणि प्रत्येक ओळ दोघांच्या नजरेखालून जाते. शिवाय परीक्षक एकमेकांशी साखळीने जोडले जातात. ओळ २ ला पहिल्या परीक्षकांनी सरासरी ३१ गुण दिले आणि दुसऱ्यांनी ३६, तर कोण हात आखडून गुण देतो ते लगेच दिसते.

हे दिसल्यावर गुणांत बेरीज-वजाबाकी करत बसू नये. त्याऐवजी अंतिम फेरी ठेवा. प्रत्येक ओळीतला पहिला प्रकल्प थेट घ्या, आणि प्रत्येक गटात उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त गुणांचा आणखी एक. म्हणजे गटाचे चार, एकूण आठ. कडक परीक्षकाच्या वाट्याला आलेली ओळही यात सुटत नाही. हे आठ प्रकल्प सहाही परीक्षक एकत्र बघतात, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि चर्चेने क्रमांक ठरवतात. एकाच प्रकल्पाला दोघांच्या गुणांत दहापेक्षा जास्त फरक असेल तर अंतिम फेरीपूर्वी तिसऱ्या परीक्षकाला तो दाखवा.

सुरुवातीच्या पाऊण तासात चहाबरोबर आणखी एक काम करून घ्या. मागच्या वर्षीची एक नोंदवही आणि फलक सहाही जणांपुढे ठेवून गुण द्यायला सांगा आणि आकडे मोठ्याने वाचा. २२ पासून ४३ पर्यंत आकडे येतात. मग पातळ्यांबद्दल जी चर्चा होते, तिने पुढच्या दोन तासांतले निम्मे मतभेद मिटतात.

शनिवारचे वेळापत्रक

साडेसातला वेळखाऊ प्रयोग सुरू, नऊ वाजता वीज तपासणी, पावणेदहाला परीक्षकांची बैठक. साडेदहा ते बारा चाळीस परीक्षण, मध्ये दहा मिनिटे सुट्टी, कारण मुलांनाही पाणी प्यायचे असते. सव्वा वाजेपर्यंत जेवण. तेवढ्या वेळात दोघे शिक्षक बेरजा करतात, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. सव्वा ते एक पंचावन्न अंतिम फेरी. दोन ते साडेतीन वर्गांच्या भेटी, बारा तुकड्या, एका वेळी दोन, पंधरा-पंधरा मिनिटे. साडेतीन ते साडेचार पालक. साडेचारला निकाल. उद्घाटनाची भाषणे आम्ही निकालाआधीच्या पाच मिनिटांत बसवली आहेत. सकाळी ठेवली तर पाहुण्यांच्या उशिराने सगळी साखळी कोलमडते.

निकालासोबत प्रत्येक जोडीला, क्रमांक आलेला असो वा नसो, परीक्षकांच्या हातच्या दोन ओळी मिळतात: काय चांगले होते आणि पुढची मोजणी कोणती करावी. गुणपत्रिकेच्या तळाशी त्यासाठी जागा ठेवा आणि मार्गदर्शक विद्यार्थ्याला सांगून ठेवा की त्या ओळी लिहिल्याशिवाय पत्रिका ताब्यात घ्यायची नाही.

माठवाल्या दोघींच्या पत्रिकेवर कृषी सहायकांनी लिहिले होते, "पंख्याखाली ठेवून बघा." त्यांनी तालुक्याला जाण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत तेही मोजले. जाताना माठ रिकामे करून, भाताच्या तुसात बसवून टेम्पोतून नेले, आणि जागेवर पोचल्या पोचल्या, फलक उभा करण्याच्याही आधी, दोन्ही माठांत पाणी भरले.